कोशाच्या साड्यांना उशीर : बाबांचं दिलगिरीपत्र इंग्रजीत कसं न्यावं?

मृण्मयी_महाल
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात आमचं कोशाच्या साड्यांचं छोटं दुकान आहे. बाबा आणि मी, दोघंच सांभाळतो. १२ सप्टेंबरला बंगळुरूच्या एका डॉक्टर बाईंनी सहा करवती साड्या सांगितल्या. घरचं लग्न २४ नोव्हेंबरला आहे. साडी चौदा हजारांची, निम्मे पैसे म्हणजे ४२,००० रुपये त्यांनी तेव्हाच भरले. ५ नोव्हेंबरपर्यंत साड्या पोचवायचं ठरलं होतं. ते आता होत नाही.

आज २ तारीख. बाबांनी मराठीत माफीचं पत्र लिहिलंय. डॉक्टर बाईंना मराठी येत नाही. पण त्यांच्या सासूबाई मूळच्या नागपूरच्या आहेत आणि ऑर्डर त्यांच्याच ओळखीतून आली. म्हणून पत्र दोन्ही भाषांत, एकाच पाकिटात जाणार आहे. बाबांचं पत्र असं :

"सा. न. वि. वि. आपण दिलेल्या ऑर्डरप्रमाणे सहा साड्या ५ नोव्हेंबरपर्यंत पाठवायचे ठरले होते. परंतु सणासुदीची गर्दी, विणकरांची सुट्टी व काही अपरिहार्य कारणांमुळे साड्यांना उशीर झाला आहे. साधारण पंधरा दिवसांत साड्या मिळतील. आपणास झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तरी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे ही नम्र विनंती. लोभ आहेच, तो वाढावा."

चुलतभावाने त्याचं इंग्रजी करून दिलं. इथे सगळं देवनागरीत असतं म्हणून तसंच लिहिते : "ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टान्सेस युवर ऑर्डर इज डिलेड. यू विल गेट द सारीज विदिन फिफ्टीन डेज. वी रिग्रेट द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड. काइंडली अडजस्ट अँड ओब्लाइज."

मराठी वाचताना बाबांचा आवाज ऐकू येतो. इंग्रजी वाचताना स्टेशनवरची सूचना ऐकतेय असं वाटतं. काय बदलू? पाकीट उद्या सकाळी टाकायचं आहे.

वऱ्हाडी_पोट्टा
काऊन एवढं लिहून रायले ताई? फोन लावा, सांगा "मॅडम, चुकलं आमचं, दहा-बारा दिवस लागते अजून". माणूस आवाजावरून समजून घेते. कागदावर रागच जास्त येते.

मृण्मयी_महाल
भाऊ, फोन काल केला. त्या शांतपणे बोलल्या, पण शेवटी म्हणाल्या, "प्लीज गिव्ह मी दॅट इन रायटिंग." म्हणून हा खटाटोप.

धरमपेठची_सुमा
अगं, तू गप्प बसू नकोस. निम्मे पैसे भरलेत ना? सरळ ग्राहक आयोगाकडे जा. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझ्या पुतणीच्या लग्नात एका दुकानदाराने लाकडी पलंग दीड महिना लटकवला होता. शेवटी चिठ्ठी आली, "असुविधेसाठी खेद आहे." नवी नवरी गादी जमिनीवर टाकून झोपली आणि यांना खेद!

खामल्याचा_शिरीष
सुमाताई, मृण्मयी दुकानाच्या बाजूने विचारतेय. उशीर त्यांच्याकडून झालाय.

धरमपेठची_सुमा
अरे हो, घाईत वाचलं. मग माझी गोष्ट गिऱ्हाइकाची बाजू म्हणून घे. मला त्या चिठ्ठीत राग आला तो एकाच गोष्टीचा. पलंग कधी येणार ते कुठेच नव्हतं.

अनुवादिका_नंदा
मृण्मयी, मी पंचवीस वर्षं मराठी-इंग्रजी पत्रव्यवहाराचं काम केलंय. तुझ्या भावाचं इंग्रजी व्याकरणात चुकलेलं नाही. अडचण अशी आहे की ही दोन पत्रं वेगवेगळा शब्द देतात.

बाबा लिहितात, "साधारण पंधरा दिवसांत". आपल्याकडे "साधारण पंधरा दिवस" म्हणजे दोनेक आठवडे, दोन दिवस इकडे-तिकडे. इंग्रजीत "साधारण" गळलं आणि "विदिन" आलं. "विदिन फिफ्टीन डेज" म्हणजे पंधराव्या दिवसाच्या पलीकडे एक दिवसही नाही. आता हे दिवस कधीपासून मोजायचे? पत्राच्या तारखेपासून मोजले तर १७ नोव्हेंबर येते. पाकीट पोचल्यापासून मोजले तर २१ च्या आसपास. आणि ठरलेल्या ५ तारखेपासून मोजले तर २०. सासूबाई मराठी वाचून एक तारीख धरतील, सूनबाई इंग्रजी वाचून दुसरी. एकाच घरात दोन तारखा, आणि लग्न २४ ला.

आणखी एक. "मिळतील" हे बाबांनी कुठल्या अर्थाने लिहिलंय? त्यांच्या हातात पडतील, की नागपुरातून निघतील? दुकानदार बहुतेक वेळा निघायची तारीख सांगतो आणि गिऱ्हाईक ती पोचायची समजतं. कुरिअरचे चार-पाच दिवस त्या फटीत जातात.

म्हणून इंग्रजी बाजूला ठेव. आधी बाबांना तीन प्रश्न विचार : किती साड्या तयार आहेत, उरलेल्या कुठल्या तारखेला निघतील, बंगळुरूला कुठल्या तारखेला पोचतील. उत्तरं आली की मराठी पत्र दुरुस्त कर, इंग्रजी त्यानंतर.

जुना_बुलडीकर
नंदाताईंशी सहमत. शिवाय "असुविधा" हा हिंदीतून आलेला शब्द. मराठीत गैरसोय. बाबांनी "त्रास" लिहिलंय तेच चांगलं आहे, बदलू नका.

खामल्याचा_शिरीष
मी जरा सावध करतो. लेखी माफी म्हणजे चुकीची लेखी कबुली. उद्या वाद झाला तर हाच कागद समोर येईल. वर ठळक अक्षरात "विदाउट प्रेज्युडिस" लिहा, म्हणजे तो वापरता येत नाही. आमच्या ऑफिसात सगळ्या पत्रांवर लिहितात.

निवृत्त_वकील_नागपूर
शिरीषराव, अर्धं बरोबर आहे. लेखी कबुली पुरावा म्हणून वापरली जाऊ शकते, खरं आहे. पण ते शब्द वाद उभा राहिल्यावर तडजोडीच्या बोलणीसाठी असतात. कुठल्याही कागदावर शिक्क्यासारखे मारले म्हणून कवच मिळत नाही. आणि माफीच्या पत्रावर ते दिसले, तर ज्या बाईंच्या मनात भांडण नव्हतं त्यांच्याही मनात येईल.

यांच्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. १८७२ च्या करार कायद्यात कलम ५५ आहे. मुदत हीच कराराचा गाभा असेल तर ती चुकल्यावर समोरच्याला करार मोडता येतो. लग्नासाठी साड्या, लग्नाची तारीख ऑर्डर देतानाच सांगितलेली, म्हणजे इथे मुदतीला मोठं वजन आहे. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की उशिरा आलेला माल समोरच्याने स्वीकारला, तर उशिरापोटी भरपाई मागता येत नाही. मागायची असेल तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं.

म्हणून पत्रात नवी तारीख द्या आणि सरळ विचारा : या तारखेला चालेल का, नसेल तर पैसे परत देतो. त्यांनी "चालेल" असं लेखी कळवलं की दोघांनाही ठाऊक असतं काय ठरलंय. "सांभाळून घ्यावे" या वाक्याला उत्तर काय द्यायचं, ते वाचणाऱ्याला कळत नाही.

आंधळगावची_लेक
मी वाचत होते, पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरी दोन माग आहेत, भंडारा जिल्ह्यात. "विणकरांची सुट्टी" वाचून वाईट वाटलं.

करवती साडी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. काठाला करवतीसारखे दात असतात. ते वरून भरलेले नसतात, विणतानाच होतात. तीन धोटे चालतात, एक मधल्या अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे. अंगाचा धागा आणि काठाचा धागा दर ओळीला एकमेकांत अडकवावा लागतो. घाई केली की साडी उजेडात धरल्यावर दातांच्या टोकाशी बारीक फटी दिसतात, आणि नेसताना ताण आला की साडी तिथेच सुटते. म्हणून आमच्याकडे एका साडीला आठ-नऊ दिवस लागतात. दिवाळीचे चार दिवस माग बंद असतो, हे प्रत्येक दुकानदाराला वर्षभर आधी माहीत असतं. ते उशिराचं कारण होऊ शकत नाही.

ताई, एक विचारते, राग मानू नका. रंगवलेलं सूत विणकराच्या हातात कधी पडलं?

मृण्मयी_महाल
राग नाही. तुमचा प्रश्न वाचून बाबांशी बोलायला गेले होते, म्हणून उत्तराला वेळ लागला.

सूत रंगून १ ऑक्टोबरला दुकानात आलं. विणकरांकडे गेलं १९ ऑक्टोबरला. अठरा दिवस गाठोडं दुकानाच्या माळ्यावर पडून होतं. नवरात्र, मग दिवाळीची गर्दी, दुकानात आम्ही दोघंच. बाबा रोज म्हणायचे, उद्या नेऊन देतो. तीन माग, प्रत्येकावर दोन साड्या, एकीला नऊ दिवस. १ तारखेलाच सूत दिलं असतं तर अठरा दिवसांत म्हणजे १९ ऑक्टोबरला, सुट्टी मध्ये आली असती तरी २३ पर्यंत सहाही साड्या झाल्या असत्या. हे मी कागदावर मांडून दाखवलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विणकरांचं नाव काढून टाक."

नंदाताईंच्या प्रश्नांची उत्तरं : पहिल्या तीन साड्या काल मागावरून उतरल्या, आज दुकानात आहेत, उद्या निघू शकतात. दुसऱ्या तीन १० तारखेला उतरतील, १२ ला निघतील, १७ पर्यंत बंगळुरूला.

धरमपेठची_सुमा
म्हणजे तीन साड्या तयार आहेत आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही! गिऱ्हाईक म्हणून सांगते, मला ते वाक्य सगळ्यात आधी वाचायला आवडेल.

अनुवादिका_नंदा
सुमाताई, बरोबर. आता शब्दांकडे येऊ.

"दिलगीर आहोत" आणि "क्षमा मागतो" यांत फरक आहे. दिलगिरी आपल्या मनाची अवस्था सांगते. झालं ते वाईट झालं, मला वाईट वाटतंय. चूक माझी नसली तरी मी दिलगीर असू शकतो. क्षमा मागायची म्हणजे चूक माझी हे आधी आलं. इंग्रजीत "रिग्रेट" आणि "अपॉलजाइज" यांत साधारण हाच फरक आहे. इथे चूक दुकानाची आहे, तेव्हा दोन्ही भाषांत दुसरा शब्द हवा. आणि एकदाच. पत्रात तीनदा क्षमा मागितली की वाचणाऱ्याला वाटतं, अजून काहीतरी लपवलंय.

दुसरं वाक्य "साड्यांना उशीर झाला आहे". मराठीत ते सहज वाटतं, कारण आपल्याकडे खूप गोष्टी आपोआप होतात. दूध सांडतं, किल्ली हरवते, उशीर होतो. ऐकणाऱ्याला कर्ता कोण ते कळतं. "युवर ऑर्डर इज डिलेड" मध्ये कर्ता खरोखरच नाहीसा होतो. मराठीत एक सुंदर मधली जागा आहे : "आमच्या हातून उशीर झाला". मुद्दाम केला नाही, पण हात आमचाच. इंग्रजीत तिला सरळ जोड नाही. तिथे "वी" किंवा "आय" पुढे आणून क्रियापद त्याच्या गळ्यात घालावं लागतं. आणि आज २ तारीख आहे, मुदत अजून उलटलेली नाही. म्हणजे मुळात "उशीर झाला" हेही चूक, "शब्द पाळला जाणार नाही" हे खरं. मुदतीआधी कळवताय ही बाबांच्या पत्राची सगळ्यात जमेची बाजू आहे, ती काळाच्या चुकीने घालवू नका.

जुना_बुलडीकर
इथे माझा थोडा विरोध. "हातून झाला" म्हणजेसुद्धा अंग काढून घेणंच. हात काय स्वतंत्र माणूस आहे? अठरा दिवस गाठोडं माळ्यावर होतं, तर "मी उशीर केला" म्हणा.

अनुवादिका_नंदा
बुलडीकर काका, "मी उशीर केला" हे माझ्या कानाला मुद्दाम केल्यासारखं लागतं. आई मुलाला रागावते, "एवढा उशीर केलास?" ते त्या अर्थाने.

जुना_बुलडीकर
आमच्या घरी तसं लागत नाही. राहू द्या, बाबांना जे तोंडात येईल ते लिहू द्या.

खामल्याचा_शिरीष
सूत माळ्यावर राहिलं हे लिहायची खरंच गरज आहे का? गिऱ्हाइकाला तारीख हवी, आतली गोष्ट नको. "आमच्या नियोजनात चूक झाली" एवढं पुरे.

आंधळगावची_लेक
शिरीषदादा, कारण लिहिलं नाही तर बंगळुरूत सगळे विणकरांनाच बोल लावतील. हातमाग म्हटलं की उशीर, असं लोक धरूनच चालतात. पुढच्या वेळी ती बाई यंत्रमागाची साडी घेईल.

निवृत्त_वकील_नागपूर
कायद्याच्या बाजूने शिरीषरावांचं म्हणणं सुरक्षित आहे. माणूस म्हणून मी ताईंच्या बाजूने आहे. एका वाक्यात लिहा. तीन वाक्यं झाली की ती सबब वाटते.

वऱ्हाडी_पोट्टा
आन् थोडा डिस्काउंट देऊन टाका ना! एका साडीमागं पाचशे. बाई खुश होऊन जाते.

धरमपेठची_सुमा
मला नाही पटत. मागितलं नसताना पैसे कमी केले की वाटतं, आधीच जास्त लावले होते. त्यापेक्षा कुरिअरचा खर्च तुम्ही करा, दोनदा पाठवायचं आहेच.

अनुवादिका_नंदा
शेवटचं "मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे". सासूबाईंना ते वाचून बरं वाटेल, मराठीत राहू दे. इंग्रजीत "काइंडली अडजस्ट" काढून टाक. तिथे ते वाचणाऱ्यावर काम टाकल्यासारखं होतं, चूक आमची आणि जुळवून घ्या तुम्ही. "लोभ आहेच" चं भाषांतर करू नकोस, "सा. न. वि. वि." चंही नाही. त्यांच्या जागी इंग्रजीची आपली रीत आहे. नाव घालून "डिअर डॉक्टर अमुक" लिहिलंस तर शेवटी "युवर्स सिन्सिअरली" येतं, नुसतं "डिअर मॅडम" असेल तर "युवर्स फेथफुली".

शब्दाला शब्द जुळला नाही तरी चालेल. तारखा, रक्कम, कुणाची चूक आणि उत्तर कधीपर्यंत हवं, या चार गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्याच हव्यात. दोन्ही कागद शेजारी ठेवून फक्त आकडे बोटाने जुळवून बघ.

मृण्मयी_महाल
रात्री अकरा वाजता बाबांनी पत्र पुन्हा लिहिलं :

"सा. न. वि. वि. आपल्या सहा करवती साड्या ५ नोव्हेंबरपर्यंत पोचवण्याचा शब्द मी दिला होता. तो माझ्याकडून पाळला जात नाही, याबद्दल आपली क्षमा मागतो. रंगवलेले सूत विणकरांकडे द्यायला माझ्या हातून अठरा दिवस उशीर झाला. त्यांचा यात दोष नाही.
तीन साड्या तयार आहेत. त्या ३ नोव्हेंबरला निघून ७ नोव्हेंबरपर्यंत आपल्या हाती येतील. उरलेल्या तीन १२ नोव्हेंबरला निघून १७ नोव्हेंबरपर्यंत येतील. दोन्ही वेळचा कुरिअरचा खर्च माझा.
उरलेल्या तीन साड्या आता नको असतील तर ९ नोव्हेंबरपर्यंत कळवावे. त्यांचे आगाऊ भरलेले २१,००० रुपये तीन दिवसांत परत करीन. हव्या असतील तरी तसे कळवावे. मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. लोभ आहेच, तो वाढावा."

आणि इंग्रजी मी केलं : "आय प्रॉमिस्ड यू सिक्स करवती सारीज बाय ५ नोव्हेंबर. आय कॅनॉट कीप दॅट डेट, अँड आय अपॉलजाइज. आय वॉज एटीन डेज लेट इन गिव्हिंग द डाइड यार्न टू द वीव्हर्स. द फॉल्ट इज नॉट देअर्स. थ्री सारीज आर रेडी. दे लीव्ह नागपूर ऑन ३ नोव्हेंबर अँड विल रीच यू बाय ७ नोव्हेंबर. द अदर थ्री लीव्ह ऑन १२ नोव्हेंबर अँड विल रीच यू बाय १७ नोव्हेंबर. आय विल पे द कुरिअर बोथ टाइम्स. इफ यू नो लाँगर वॉन्ट द सेकंड थ्री, प्लीज टेल मी बाय ९ नोव्हेंबर, अँड आय विल रिटर्न युवर अडव्हान्स ऑफ २१,००० रुपीज फॉर देम विदिन थ्री डेज. इफ यू डू वॉन्ट देम, प्लीज टेल मी दॅट टू."

पाकिटाला वेळ लागेल म्हणून दोन्हींचे फोटो सकाळी फोनवरही पाठवते.

अनुवादिका_नंदा
छान उतरलंय. एकच, "विदिन थ्री डेज" कधीपासून? "ऑफ हिअरिंग फ्रॉम यू" जोड. मराठीतही "आपला निरोप मिळाल्यापासून तीन दिवसांत".

मृण्मयी_महाल
जोडलं, दोन्हीकडे. फसलेच होते तिथे.

वऱ्हाडी_पोट्टा
मंग काय झालं ताई? चार दिवस झाले, सांगा ना बाप्पा.

मृण्मयी_महाल
तीन साड्या ६ तारखेलाच पोचल्या. डॉक्टर बाईंचा दोन ओळींचा निरोप आला : उरलेल्या तीन हव्यात, १७ चालेल, पण १२ ला निघाल्या की कुरिअरची पावती पाठवा. सासूबाईंनी बाबांना फोन केला. पत्राचा विषयही काढला नाही. अर्धा तास महालातल्या जुन्या गल्ल्यांबद्दल बोलत होत्या. शेवटी विचारलं, ज्यांनी साड्या विणल्या त्यांना लग्नातले लाडू पाठवले तर पोचतील का.

आंधळगावची_लेक
पोचतील म्हणावं. ताई, दुसऱ्या तीन मागावरून उतरल्या की एकदा उजेडात धरून काठ बघून घ्या, मगच पाठवा.